पिक अँड प्लेसचा सिलिंडर: बोर कशावर ठरतो आणि हवा कुठे जाते

प्रश्न: कन्व्हेयरवरून अॅल्युमिनियम कास्टिंग उचलून फिक्स्चरमध्ये ठेवायचं पिक अँड प्लेस स्टेशन बनवतोय. जॉब २.४ किलोचा. ग्रिपर, ब्रॅकेट, प्लेट धरून खाली-वर होणारं एकूण वजन ६ किलो. उभा स्ट्रोक १५० मिमी, आडवा ४०० मिमी, मिनिटाला १० जॉब. लाइनला ६ किलो प्रेशर आहे. व्हेंडर म्हणतो, उभ्याला ४० बोर टाका, टेन्शन नको. पण कॉम्प्रेसर आधीच पुरत नाही. बोर नक्की कसा काढायचा आणि हवा किती लागेल?

उत्तर:

उभ्या अक्षाला २५ बोर पुरतो. ४० बोर टाकला तर उभा अक्ष त्याच कामाला तिपटीहून जास्त हवा खाईल, आणि स्टॉपरवर आपटेल ते वेगळंच. आता हे कसं निघतं ते बघू.

या गणितात तीन वेगवेगळे आकडे येतात, आणि बहुतेक चुका तिन्हीकडे एकच आकडा वापरल्याने होतात. बोर ठरतो तो सिलिंडर चालत असताना पोर्टवर मिळणाऱ्या प्रेशरवर. हवेचा खप ठरतो स्ट्रोक संपून सिलिंडर थांबल्यावर आत भरलेल्या प्रेशरवर, म्हणजे रेग्युलेटरच्या सेटिंगवर. वॉल्व्ह आणि नळी ठरते ती स्ट्रोकच्या मधल्या क्षणी किती हवा धावते त्यावर.

लाइनचे ६ किलो म्हणजे सुमारे ५.९ बार. स्टेशनच्या एफआरएलवर ५.५ बार लावा. मुद्दाम कमी लावायचं, कारण शेजारचं मशीन चाललं की लाइन खाली येते, आणि रेग्युलेटरला प्रेशर धरून ठेवायला वर थोडी जागा लागते. सिलिंडर हलायला लागला की फिल्टर, वॉल्व्ह आणि नळी मिळून आणखी अर्धा बार खातात. म्हणून बोरच्या हिशेबाला ५ बार धरायचे, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.५ न्यूटन.

उभा अक्ष: किती जोर लागतो

सिलिंडरची बॉडी वर बसवलेली आणि रॉड खाली, अशी मांडणी धरतो, कारण बहुतेक स्टेशन अशीच असतात. यात उचलण्याचं काम रॉड आत जाताना होतं. म्हणजे जोर लावतं ते पूर्ण पिस्टनचं क्षेत्रफळ नाही, रॉडचं क्षेत्रफळ वजा करून उरलेलं. कॅटलॉगमध्ये थ्रस्टचे दोन रकाने असतात आणि घाईत पहिलाच, म्हणजे मोठा आकडा उचलला जातो. इथे दुसरा रकाना लागू आहे.

६ किलोचं वजन ५९ न्यूटन. लिनियर गाइडच्या सील आणि बेअरिंगचं घर्षण १० न्यूटन धरा. म्हणजे सिलिंडरच्या अंगावरचा सततचा भार ६९ न्यूटन.

वेग वाढवायला लागणारा जोर याच्यात अजून धरलेला नाही. १५० मिमी अर्ध्या सेकंदात जायचं, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ३०० मिमी. सिलिंडर थांबून सुटतो आणि शेवटी पुन्हा मंदावतो, त्यामुळे मधला वेग सरासरीच्या साधारण १.४ पट होतो: ०.४२ मीटर प्रतिसेकंद. हा वेग पहिल्या २० मिमीत गाठला तर त्वरण ४.४ मीटर प्रतिसेकंद वर्ग येतं, आणि ६ किलोला त्यासाठी २६ न्यूटन लागतात.

इथे एक ठरलेली चूक होते. लोक वजन, घर्षण आणि त्वरण यांची बेरीज करतात आणि वर पुन्हा '५० टक्के लोड फॅक्टर' म्हणून दुप्पट करतात. म्हणजे त्वरण दोनदा मोजलं. हलत्या भाराला अर्धाच जोर वापरायचा, हा नियम आहेच त्यासाठी: उरलेल्या अर्ध्यात त्वरण, सिलिंडरच्या सीलचं घर्षण आणि समोरच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या हवेचा उलटा दाब हे तिन्ही बसायला हवेत. म्हणून फक्त ६९ ला अर्ध्याने भागायचं. १३८ न्यूटनचा थिअरेटिकल जोर हवा. ५ बारला त्यासाठी २७६ चौरस मिमी क्षेत्रफळ लागतं.

आयएसओ ६४३२ च्या मिनी सिलिंडरमध्ये २० बोरला ८ ची रॉड आणि २५ ला १० ची असते. रॉडच्या बाजूचं क्षेत्रफळ २० बोरला २६४ आणि २५ बोरला ४१२ चौरस मिमी. २० बोर थोडक्यात हुकतो, आणि 'चालेल की' म्हणायचा मोह होतो. चालेल का ते उरलेल्या जोराचा हिशेब करून बघू.

२० बोर ५ बारला १३२ न्यूटन देतो. त्यातून भार ६९, सीलचं घर्षण जोराच्या दहा टक्के म्हणजे १३, आणि त्वरणाचे २६ वजा केले तर २४ न्यूटन उरतात. एवढ्याच जोरावर समोरच्या बाजूची हवा बाहेर ढकलायची. त्या बाजूच्या ३१४ चौरस मिमीवर हा जेमतेम ०.८ बार दाब झाला. फ्लो कंट्रोल काम करतो ते याच उलट्या दाबाच्या आधारावर. दाब इतका कमी असला की वेग फ्लो कंट्रोलच्या हातात राहत नाही, लाइनच्या हातात जातो. पोर्टवर प्रेशर ४ बारला आलं तर १०६ न्यूटनमधून भार आणि सील वजा होऊन २४ च उरतात, आणि नुसत्या त्वरणाला २६ लागतात. म्हणजे सकाळी पहिल्या पाळीत स्टेशन छान चालतं, आणि अकरा वाजता सगळी मशिनं सुरू झाली की सायकल टाइम वाढतो. फिटर मग फ्लो कंट्रोलचा स्क्रू फिरवत बसतो.

२५ बोर ५ बारला २०६ न्यूटन देतो. भार ६९, सील २०, त्वरण २६ वजा करता ९१ न्यूटन उरतात, म्हणजे समोर साधारण १.८ बारचा उलटा दाब. वेग धरून ठेवायला हा चांगला आधार आहे. लोड फॅक्टर ३३ टक्क्यांवर येतो. बोर इथे पक्का झाला. १५० स्ट्रोकला १० ची रॉड वाकायचा प्रश्नच नाही. मात्र ग्रिपरचं वजन बाजूला लोंबत असेल तर ते गाइडवर जायला हवं, रॉडवर नाही. रॉड आणि प्लेट यांच्यामध्ये फ्लोटिंग जॉइंट लावा, नाहीतर काही महिन्यांत रॉडवर एका बाजूने ओरखडे दिसतील आणि पुढचा सील गळायला लागेल.

खाली येताना

खाली येताना सिलिंडरला जवळजवळ काहीच काम नसतं. वजन स्वतःच खाली ओढतं, सिलिंडरने फक्त आवरायचं असतं. तरी बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना पूर्ण प्रेशर दिलेलं असतं. याचा काय परिणाम होतो बघा. वरच्या बाजूचं क्षेत्रफळ ४९१ चौरस मिमी. ५ बारला २४५ न्यूटन खाली, त्यात ५९ वजनाचे, एकूण ३०४. हे सगळं खालच्या ४१२ चौरस मिमीमध्ये कोंडलेल्या हवेने तोलायचं. घर्षण सोडलं तर त्या कप्प्यात ७.४ बार दाब होतो, लाइनपेक्षा जास्त. सिलिंडर फुटणार नाही, त्याची मर्यादा साधारण १० बार असते. पण एवढा दाब फ्लो कंट्रोलने अडवायचा म्हणजे स्क्रू जवळजवळ बंद करावा लागतो, आणि मग पाव आटा फिरवला तरी वेग खूप बदलतो.

उपाय सोपा आहे. वरच्या पोर्टच्या बाजूला, वॉल्व्हखाली सँडविच रेग्युलेटर किंवा नळीत चेक वॉल्व्हसकट रेग्युलेटर टाका आणि खाली यायला २.५ बार ठेवा. १२३ अधिक ५९ मिळून १८२ न्यूटन, आणि खालच्या कप्प्यात ४.४ बार. वेग हाताशी राहतो. रेग्युलेटर नळीत असेल तर चेक वॉल्व्ह विसरू नका, नाहीतर वर जाताना हवा बाहेर पडायला वाट राहत नाही.

याचा आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. वर जायचा सिग्नल आला त्या क्षणी वरच्या कप्प्यात अजून जुनी हवा असते. ती ५.५ बारची असेल तर २७० न्यूटनने खाली दाबत असते, आणि ती बरीचशी बाहेर पडेपर्यंत प्लेट जागची हलत नाही. २.५ बारला हा उलटा जोर १२३ वर येतो, म्हणजे सिलिंडर जवळजवळ लगेच सुटतो. सोलेनॉइडचा दिवा लागला, पण सिलिंडर क्षणभर थांबून मगच निघाला, असं दिसलं तर कारण बहुतेक हेच असतं. पुष्कळदा त्यावर वॉल्व्ह बदलला जातो आणि काहीच फरक पडत नाही.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. इमर्जन्सी स्टॉपने हवा सोडली की दोन्ही कप्पे रिकामे होतात. पुन्हा हवा आली आणि सिलिंडर खाली निघाला, तर समोर आवरायला हवाच नसते आणि फ्लो कंट्रोल निरुपयोगी ठरतो. प्लेट झपकन खाली येते. म्हणून एफआरएलनंतर सॉफ्ट स्टार्ट वॉल्व्ह हवा, आणि सुरुवातीची पहिली हालचाल नेहमी वर जाण्याची असा प्रोग्राम हवा. हवा गेल्यावर ६ किलो खाली पडू नये म्हणून रॉड लॉक लावा. पायलट चेक वॉल्व्हही लावतात, पण त्यात हवा कोंडून राहते. मेंटेनन्सवाल्याने नळी काढली की कोंडलेला जोर सुटतो, त्यामुळे तिथे हाताने हवा सोडायची सोय आणि पाटी दोन्ही लागतात. ५/३ क्लोज्ड सेंटर वॉल्व्हवर वजन तोलून ठेवायच्या भरवशावर राहू नका, सीलमधून हवा झिरपते आणि प्लेट हळूहळू उतरते.

४० बोरने काय बिघडतं

शेवटी ६ किलो ०.४२ मीटरच्या वेगाने येऊन थांबतात. त्यांची गतिज ऊर्जा ०.५३ ज्यूल. २५ बोरच्या मिनी सिलिंडरमधला रबर बम्पर साधारण अर्ध्या ज्यूलच्या खालीच झेलतो, म्हणून अॅडजस्टेबल एअर कुशनचा सिलिंडर घ्या किंवा बाहेर शॉक अॅब्सॉर्बर लावा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या कॅटलॉगमध्ये बघा.

शॉक अॅब्सॉर्बर निवडताना फक्त ही ऊर्जा धरून भागत नाही. तो दबत असताना सिलिंडर मागून ढकलतच असतो.

```
E = 0.5*m*v^2 + (F + m*g)*s
```

८ मिमी स्ट्रोकचा शॉक अॅब्सॉर्बर धरा. २५ बोर, खाली २.५ बार: ढकलण्याचे १८२ न्यूटन गुणिले ०.००८ मीटर म्हणजे १.५ ज्यूल, अधिक ०.५, असे २ ज्यूल. आता ४० बोर ५.५ बारला: ६९१ अधिक ५९, म्हणजे ७५० न्यूटन, त्याचे ६ ज्यूल आणि अर्धा वर. वजन तेच, वेग तोच, आणि धक्का तिपटीहून जास्त. मिनिटाला १० जॉब म्हणजे तासाला १२०० वेळा खाली यायचं. २५ बोरला तासाला २,४०० ज्यूल, ४० ला ७,८००. कॅटलॉगमध्ये प्रतितास ऊर्जेची मर्यादा वेगळी दिलेली असते आणि ती कुणी बघत नाही. मर्यादा ओलांडली की तेल तापतं, सील जातो, शॉक अॅब्सॉर्बर तेलकट होतो आणि स्टेशन ठोके द्यायला लागतं. मोठा बोर म्हणजे जास्त सेफ, हे उभ्या प्रेसला कदाचित चालेल. पिक अँड प्लेसला चालत नाही.

आडवा अक्ष

उभा संच, गाइड आणि सिलिंडर धरून आडव्या अक्षावर १४ किलो मानतो. इथे वजन गाइडवर आहे, म्हणून '५० टक्के भार' हा नियम लावायला भारच नाही. फक्त घर्षण मोजून बोर काढला तर हास्यास्पद लहान येईल. इथे त्वरण मोजायचं. ४०० मिमी ०.८ सेकंदात, मधला वेग ०.७ मीटर प्रतिसेकंद, पहिल्या ५० मिमीत गाठायचा: त्वरण ४.९, जोर ६९ न्यूटन. घर्षण १५ धरून ८४. उलट्या दाबासाठी दुप्पट केला तर १६८ न्यूटन. २५ बोरचा रॉडलेस ५ बारला २४५ देतो, म्हणजे ४ बारवर, चालताना साडेतीन मिळाले तरी, भागतं. ऊर्जा ३.४ ज्यूल, तेव्हा दोन्ही टोकांना शॉक अॅब्सॉर्बर लागणारच.

हवा किती लागते

आता दुसरं प्रेशर. टोकाला पोहोचून सिलिंडर थांबतो, तेव्हा कप्पा रेग्युलेटरच्या पूर्ण सेटिंगपर्यंत भरतो. चालताना ५ बार मिळत होते म्हणून खपही ५ बारने काढायचा नाही, ५.५ ने काढायचा. आणि गेजवरचं प्रेशर थेट गुणायचं नाही, त्यात वातावरणाचा दाब मिळवायचा.

```
cylinder: Q = A * L * (p + 1.013) / 1.013
tube:     Q = At * Lt * p / 1.013
```

नळीचं सूत्र वेगळं का, तर नळी एक्झॉस्ट झाली तरी तिच्यात वातावरणाच्या दाबाची हवा राहतेच. पुढच्या खेपेला फक्त वरची भर घालायची असते. सिलिंडरचा कप्पा मात्र शून्यापासून उघडतो, म्हणून त्याला सगळी हवा लागते.

५.५ बारला पहिला गुणक ६.४३ येतो, २.५ ला ३.४७.

उभा अक्ष, वर जाताना: ४१२ चौरस मिमी गुणिले १५० मिमी म्हणजे ०.०६२ लिटर, गुणिले ६.४३, बरोबर ०.४० नॉर्मल लिटर. खाली येताना: ०.०७४ लिटर गुणिले ३.४७, बरोबर ०.२६. वॉल्व्हपासून दोन मीटरच्या दोन नळ्या, बाहेरून ६ आणि आतून ४ मिमी: एकीत ०.०२५ लिटर. वर जाणारीला ०.१४, खाली येणारीला ०.०६. एका वर-खालीला बेरीज साधारण ०.८५ नॉर्मल लिटर.

आता थांबा, इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. एका जॉबला उभा अक्ष दोनदा खाली-वर होतो: एकदा उचलायला, एकदा ठेवायला. म्हणजे जॉबमागे १.७ आणि मिनिटाला १७ नॉर्मल लिटर.

खालच्या बाजूला रेग्युलेटर लावला नसता, दोन्हीकडे ५.५ बार दिले असते, तर हाच आकडा २३ झाला असता. ४० बोर, १६ ची रॉड, दोन्हीकडे ५.५ बार आणि आतून ६ मिमीची नळी घेतली तर एका वर-खालीला २.८४ नॉर्मल लिटर, म्हणजे मिनिटाला ५७. आपल्या १७ पेक्षा ४० नॉर्मल लिटर जास्त. कॉम्प्रेसरला घनमीटर प्रतिमिनिटमागे साधारण ७ किलोवॅट लागतात. ४० लिटरचे ०.२८ किलोवॅट. दिवसाला १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर १,३४० युनिट, फक्त एका सिलिंडरच्या 'टेन्शन नको' साठी.

आडवा अक्ष ४ बारला: ०.१९६ लिटर, दोन्ही बाजू, गुणक ४.९५, नळ्यांसकट जॉबमागे २.१ नॉर्मल लिटर. मिनिटाला २१. बोर तोच, पण स्ट्रोक लांब असल्याने हा उभ्यापेक्षा जास्त खातो. म्हणून प्रेशर कमी करायचा पहिला प्रयत्न इथे करा. ५.५ ठेवले असते तर २८ लागले असते.

ग्रिपरची गंमत बघा. २० बोरच्या पॅरलल ग्रिपरचा पिस्टन पाच-सहा मिमीच सरकतो, त्याची स्वतःची हवा नगण्य. पण वॉल्व्ह बँकेपासून केबल चेनमधून तीन मीटर नळी जाते, दोन पदरी. ५.५ बारला जॉबमागे नळ्यांनाच ०.४ नॉर्मल लिटर, म्हणजे मिनिटाला ४. आतून अडीच मिमीची नळी वापरली तर हे दीडवर येतं. नळी बारीक केल्याने ग्रिपर किती मंदावतो हे मात्र जागेवर बघूनच ठरवा.

एकूण १७, २१ आणि ४ मिळून ४२. गळतीला वीस टक्के धरा: साधारण ५० नॉर्मल लिटर प्रतिमिनिट. एक सीएफएम म्हणजे २८.३ लिटर, तर १.८ सीएफएम. हा आकडा कॉम्प्रेसरच्या एफएडीशी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर येणाऱ्या हवेच्या आकड्याशी ताडायचा. पिस्टन कॉम्प्रेसर विकताना बऱ्याचदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचं सीएफएम सांगतात. प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्याहून बरीच कमी असते. कोटेशनवर 'एफएडी' हा शब्द लिहून घ्या.

ग्रिपरऐवजी व्हॅक्यूम कप लावणार असाल तर हा सगळा हिशेब उलटतो. एक मिमी नोझलचा इजेक्टर सतत चालू ठेवला तर मिनिटाला ४५-५० नॉर्मल लिटर घेतो, म्हणजे तुमच्या पूर्ण स्टेशनएवढी हवा. तिथे व्हॅक्यूम स्विच असलेला एअर सेव्हिंग इजेक्टर घ्या, आणि कास्टिंगचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर तोही फारसा वाचवणार नाही, कारण कप गळत राहतो.

वॉल्व्ह आणि नळी

तिसरा आकडा. सरासरी मिनिटाला १७ लिटर लागतात म्हणून १७ लिटरचा वॉल्व्ह घ्यायचा नसतो. वर जाताना मधल्या क्षणी ४१२ चौरस मिमीचा कप्पा ०.४२ मीटर प्रतिसेकंदाने उघडतो. सेकंदाला ०.१७३ लिटर, मिनिटाला १०.४, आणि ५ बारच्या गुणकाने ६२ नॉर्मल लिटर प्रतिमिनिट. सरासरी आणि या आकड्यात जवळजवळ चौपट फरक आहे. सरासरी कॉम्प्रेसरसाठी, हा वॉल्व्हसाठी.

१/८ इंची पोर्टच्या सामान्य ५/२ वॉल्व्हचा फ्लो कित्येकशे नॉर्मल लिटर असतो, म्हणून वॉल्व्ह इथे अडचण ठरत नाही. पण तो आकडा ६ बार आत, ५ बार बाहेर, म्हणजे एक बार पडल्यावरचा असतो. आपण नळी, वॉल्व्ह आणि फिटिंग मिळून अर्ध्या बारचीच सूट धरली आहे. ६ ची नळी दोन मीटरला ठीक. सहा-सात मीटर लांब जाणार असेल तर नळी जाड करण्याआधी वॉल्व्ह बँकच स्टेशनजवळ आणा. जाड नळीने प्रेशर वाचतं, पण प्रत्येक स्ट्रोकला तीच नळी भरायची हवा वाढते.

बसवल्यावर काय तपासायचं

रॉडच्या बाजूच्या पोर्टला टी लावून एक गेज बसवा आणि सिलिंडर पूर्ण वेगाने चालवा. चालताना सुई ४.५ ते ५ च्या दरम्यान राहायला हवी. साडेतीनला येत असेल आणि वर जाणं मंद असेल तर बोरला दोष देऊ नका. गेज उलट्या क्रमाने मागे नेत जा: वॉल्व्हच्या आधी, मग एफआरएलनंतर. जिथे एकदम आकडा उडी घेतो, तिथे हवा अडते आहे. बहुतेक वेळा फिल्टरचा एलिमेंट भरलेला असतो, किंवा कुणीतरी क्विक कपलर मध्ये टाकलेला असतो. एफआरएलच्या आधीच सुई पडत असेल तर दोष शॉपच्या लाइनचा.

पोर्टवर प्रेशर नीट आहे आणि तरी वेग आटोक्यात येत नाही, तर फ्लो कंट्रोल बघा: तो बाहेर जाणारी हवा अडवणारा आहे ना, उलटा तर बसवला नाही ना. आत येणारी हवा अडवली गेली तर वजनाच्या ओढीने खाली येताना प्लेट झटके देत उतरते. हाताने बघितलं तरी कळतं.

हवेची गळती तपासायची तर रात्री सगळं बंद करून फक्त या स्टेशनला हवा द्या, सिलिंडर जागेवर थांबवा आणि स्टेशनच्या आधीचा वॉल्व्ह बंद करा. गेज किती वेळात खाली येतो ते बघा, आणि साबणाचं पाणी लावून फिटिंग तपासा. ६ बारला एक मिमीचं भोक मिनिटाला साधारण ६० नॉर्मल लिटर सोडतं. वर काढलेला आख्ख्या स्टेशनचा खप ४२ आहे. कॉम्प्रेसर पुरत नाही म्हणता, तर नवा मागवण्याआधी हे एकदा पूर्ण शॉपला करून बघा.